नॉमिनी डायरेक्टर नक्की कोणाचा? १२ गुणांचा प्रश्न, मला मिळाले ४

ऋतू_सिन्नर

सीएसच्या प्रोफेशनल लेव्हलची तयारी करतेय. कॉलेज रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत रविवारी सराव पेपर झाला. त्यातला एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथे टाकते. थोडक्यात असा:

क्ष लिमिटेड ही दिंडोरी तालुक्यातली टोमॅटोचा पल्प काढणारी पब्लिक कंपनी, शेअर बाजारात नोंद नाही. य बँकेचं तिच्यावर १८ कोटींचं मुदत कर्ज. कर्ज करारातल्या हक्कानुसार बँकेने आपले एक उपमहाव्यवस्थापक, श्री. न., यांना कंपनीच्या बोर्डावर बसवलंय. हप्ते ७० दिवस थकलेत. शेतकऱ्यांचे ४ कोटी देणं बाकी. कंपनीचं एक शीतगृह मात्र कुठेच गहाण नाही. बोर्डापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, शीतगृह गहाण ठेवून दुसऱ्या वित्तसंस्थेकडून ५ कोटी खेळतं भांडवल घ्यायचं आणि हंगाम चालवायचा. दुसरा, तेच शीतगृह य बँकेला जुन्याच कर्जापोटी जादा तारण म्हणून द्यायचं. बैठकीच्या आदल्या दिवशी बँकेच्या वसुली विभागाचा न. यांना ईमेल येतो: पहिला प्रस्ताव हाणून पाडा, दुसरा मंजूर करून घ्या. बैठकीच्या कागदांतून न. यांना हेही कळतं की कंपनीच्या सर्वात मोठ्या परदेशी ग्राहकाने ऑर्डर रद्द केली आहे. बँकेला ते अजून माहीत नाही. न. यांनी काय करावं?

मी लिहिलं की दोन्हीकडे कर्तव्य आहे, दोन्हींचा तोल सांभाळावा. टाटा-मिस्त्री निकालाचा (२०२१) आधारही दिला. सरांनी समासात दोनच शब्द लिहिले: "कोणाचा संचालक?" आणि ४ गुण. कुठे चुकलं?

कलम_बहाद्दर

सोपा प्रश्न आहे, तू उगाच अवघड केलास. कंपनी कायदा २०१३, कलम १६६(२). संचालकाने कंपनीच्या हितासाठी वागायचं. इथवर सगळे लिहितात. पण प्रश्नात ७० दिवसांची थकबाकी मुद्दाम दिली आहे. कंपनी बुडायला आली की संचालकाचं कर्तव्य भागधारकांकडून धनकोंकडे सरकतं. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाचा सेक्वाना निकाल, २०२२. सर्वात मोठा धनको कोण? य बँक. म्हणजे न. यांनी दुसऱ्या प्रस्तावाला मत दिलं तर ते कर्तव्यच झालं, संघर्ष उरतच नाही. आणि ज्याला हे पटत नसेल त्याच्यासाठी कलम १८४ आहे: हितसंबंध जाहीर करून बाहेर जाऊन बसायचं. १२ पैकी १० नक्की.

गोदाकाठ_वकीलकाकू

बहाद्दर, निकालाचं नाव बरोबर, वाचन अर्धं. सेक्वानात कोर्टाने सांगितलं ते धनकोंच्या समूहाबद्दल. कंपनी दिवाळखोर झाली असेल, उंबरठ्यावर असेल किंवा गुंडाळली जाण्याची, म्हणजे अवसायनाची, दाट शक्यता असेल, तेव्हा संचालकांनी सगळ्या धनकोंचं एकत्रित हित लक्षात घ्यायचं. एका धनकोचं नव्हे. आता दुसरा प्रस्ताव बघा. शीतगृह आज मोकळं आहे, म्हणजे उद्या कंपनी बुडाली तर त्याच्या विक्रीचे पैसे शेतकऱ्यांपर्यंत पोचायची थोडी तरी आशा आहे. ते बँकेकडे गहाण गेलं की ती आशाही गेली. म्हणजे ज्या तत्त्वाच्या नावाने तुम्ही मत देताय, त्याच तत्त्वाच्या विरुद्ध ते मत आहे. आणि हा इंग्लंडचा निकाल आहे, आपल्याकडे तो फार तर वाट दाखवील.

ऋतू, टाटा-मिस्त्री निकालात नेमणारे धर्मादाय ट्रस्ट होते. ट्रस्टने पाठवलेल्या माणसावर लाभार्थींचीही जबाबदारी असते, त्या संदर्भात तोल सांभाळण्याची गोष्ट आली. कर्ज देणारी बँक ट्रस्ट नाही, ती करारातला समोरचा पक्ष आहे. तिने कर्ज देताना आपलं हित करारात बांधून घेतलेलंच असतं. म्हणून तुझा आधार इथे लंगडा पडतो. सरांचा प्रश्न तोच आहे. न. खुर्चीवर बसले त्या क्षणापासून ती खुर्ची कंपनीची. बँकेने माणूस दिला, मत दिलं नाही.

सातपूर_सीए

१८४ बद्दल एक दुरुस्ती. पोटकलम (२) नीट वाचा. समोरच्या संस्थेत संचालकाचे दोन टक्क्यांहून जास्त शेअर हवेत, किंवा तो तिथला प्रवर्तक, व्यवस्थापक किंवा सीईओ हवा. न. हे बँकेचे पगारी उपमहाव्यवस्थापक. यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाहीत. म्हणजे "१८४ प्रमाणे बाहेर जावंच लागेल" हे वाक्य पेपरात लिहिलंत तर मार्क जाणार. संघर्ष पकडायचा तो १६६(४) मध्ये.

कलम_बहाद्दर

मान्य, १८४ घाईत लिहिलं. पण मग १६६(४) म्हणतं की हितसंघर्ष होऊ शकेल अशा परिस्थितीतच पडू नका. बँकेचा नोकर कर्जदार कंपनीच्या बोर्डावर बसला की तो पहिल्या दिवसापासून त्याच परिस्थितीत असतो. आणि त्याच कायद्याचं कलम १६१(३) तर नॉमिनी नेमायला परवानगी देतं. एका हाताने बसवायचं, दुसऱ्या हाताने उठवायचं?

गोदाकाठ_वकीलकाकू

हा मुद्दा खरा आहे. इंग्लंडच्या कायद्यात बोर्डाने संघर्षाला मंजुरी द्यायची सोय आहे, आपल्या १६६(४) मध्ये तशी खिडकी नाही. मी असं वाचते की नेमणूक हा भंग नाही, प्रत्यक्ष प्रश्न समोर आल्यावर बँकेच्या बाजूने झुकणं हा भंग. दुसरं वाचन करणारे वकीलही मला माहीत आहेत.

जुना_बँकवाला

मी स्वतः असा बसलोय बोर्डावर. अंबडच्या एका कारखान्यात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. नाव सांगत नाही. महिन्यातून एकदा जीपने जायचो, चहा-खारी व्हायची, फाइल बघायची आणि संध्याकाळी ऑफिसला रिपोर्ट टाइप करून द्यायचा. तो रिपोर्ट पाठवणं बरोबर की चूक हा प्रश्न आमच्या स्वप्नातही आला नाही. पुढे लिस्टिंग करारातलं कलम ४९ आलं, तेव्हा तर कर्ज देणाऱ्या संस्थेचा नॉमिनी 'स्वतंत्र संचालक' धरला जायचा! २०१३ च्या कायद्याने ते बंद केलं. १४९(६) मध्ये नॉमिनीला स्पष्ट वगळलंय. पण जुन्या बँकवाल्यांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही, त्यामुळे असे ईमेल अजूनही जातात.

ऋतूताई, व्यवहारातलं सांगतो. शीतगृह दुसरीकडे गहाण पडू नये असं बँकेला वाटत असेल तर तिच्या हातात हत्यार आहेच. कर्ज करारात अट असते की आमच्या लेखी संमतीशिवाय दुसरं कर्ज घ्यायचं नाही, नवं तारण द्यायचं नाही. बँकेने एनओसी नाकारावी. तिचा नकार तिच्या लेटरहेडवर येऊ दे. तिथे बँक धनको म्हणून बोलते आणि स्वतःचं हित बघायचा तिला पूर्ण हक्क आहे. तोच नकार न. यांच्या हाताने बोर्डात वर झाला की तो संचालकाचा होतो, आणि मग विचारतात, कंपनीच्या हिताचं कारण काय? ईमेल छापून समोर ठेवला की उत्तर नसतं.

पिंपळगावचा_शेतकरी

राम राम. कायदा कळत नाही पण हे वाचून बसवत नाही. मी एका फॅक्टरीला दोन हंगाम टोमॅटो घातला. पहिल्या हंगामाचे पैसे आले, दुसऱ्याचे ३ लाख ८० हजार अजून आले नाहीत. गेटवर गेलं की मॅनेजर म्हणतो बँकेने खातं अडवलंय. तिथेही बँकेचा साहेब संचालक होता, बोर्डवर नाव लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मग बँकेचाच माणूस कारभारात होता तर आमचे पैसे बँकेने द्यायला नको का? तुमच्या पेपरातल्या ४ कोटीवाल्यांचं पण तेच म्हणणं असणार.

कलम_बहाद्दर

दादा, वाईट वाटलं, पण हा वेगळा प्रश्न आहे. परीक्षेत हे विचारलेलं नाही.

गोदाकाठ_वकीलकाकू

बहाद्दर, हाच प्रश्न प्रिव्ही कौन्सिलसमोर गेला होता. १९९०, कुवेत एशिया बँकेचा खटला. न्यूझीलंडमधली एक ठेवी घेणारी कंपनी, पाच संचालकांपैकी दोन बँकेने दिलेले आणि दोघेही बँकेचेच नोकर. कंपनी बुडाली. मागणी अशी होती की संचालकांच्या हलगर्जीपणाची भरपाई बँकेने करावी.

कोर्ट म्हणालं, नाही. कारण ऐकण्यासारखं आहे. बोर्डात बसल्यावर त्या दोघांनी मालकाची, म्हणजे बँकेची, इच्छा बाजूलाच ठेवायला हवी होती. बँकेने सांगितलं म्हणून केलं, ही सबब त्यांना चालणार नव्हती. ते बँकेचं काम करत नव्हते, म्हणून बँकेवर त्यांचं ओझं नाही. म्हणजे ज्या नियमाने न. ना बँकेचं ऐकायला बंदी होते, त्याच नियमाने बँक सुटते.

दादा, म्हणून नुसतं बोर्डवर नाव होतं एवढ्यावर बँकेकडे पैसे मागता येत नाहीत. बँकच पडद्यामागून कारखाना चालवत होती, सगळं बोर्ड तिच्या सांगण्यावर चालायची सवय झाली होती, असा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. एका संचालकाच्या एका मताने तेवढं सिद्ध होत नाही.

सातपूर_सीए

काकूंनी ज्यातून बँक सुटते ते सांगितलं. ज्यात अडकू शकते तेही सांगतो, कारण वसुली विभागाला ते माहीत असतं तर तो ईमेल गेलाच नसता.

समजा न. यांनी सांगितल्याप्रमाणे केलं आणि शीतगृह बँकेकडे गहाण पडलं. आठ महिन्यांनी कंपनी दिवाळखोरी संहितेत गेली. ती प्रक्रिया चालवणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल मागचे व्यवहार उकरणार. कलम ४३: जुन्या देण्यासाठी एका धनकोला तारण दिलं आणि त्याची जागा बाकीच्यांपेक्षा वर गेली, तर तो प्राधान्य देणारा व्यवहार. परक्या धनकोसाठी मागचं एक वर्ष तपासतात, संबंधित पक्षासाठी दोन. आठ महिने दोन्हींत बसतात. कंपनी न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, ते तारण रद्द करू शकते. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये असेच गहाणखतांचे व्यवहार उडवले. तिथे कर्ज होल्डिंग कंपनीचं होतं आणि जमीन उपकंपनीची, पण कलम तेच.

आता खरी गंमत. संहितेच्या ५(२४) मध्ये संबंधित पक्षाची लांबलचक यादी आहे. त्यातला (ज) खंड बघा: ज्याच्या सल्ल्याने, निर्देशाने कंपनीचा *एखादा* संचालक वागायला सरावलेला आहे अशी कोणतीही व्यक्ती. अख्खं बोर्ड नाही, एक संचालक पुरतो. बँक दर बैठकीआधी न. ना असे ईमेल पाठवत असेल तर उद्या कोणीतरी उठून म्हणेल की बँक संबंधित पक्ष आहे. ते टिकलं तर दोन वर्षांची मुदत लागू आणि वर कलम २१(२) प्रमाणे धनकोंच्या समितीत मतही नाही. १८ कोटींची बँक, आणि समितीबाहेर! शब्द 'सरावलेला' असा आहे, त्यामुळे एका ईमेलवर हे होणार नाही. पण सवय सिद्ध करायला सर्व्हरवरचे जुने ईमेल पुरतात.

ऋतू_सिन्नर

बापरे. हे कोणी शिकवलंच नाही. पण काकू, मग न. यांनी बैठकीत प्रत्यक्ष करायचं काय? ईमेल दाखवून तटस्थ राहिले तर सुरक्षित ना? मी तेच लिहिणार होते.

गोदाकाठ_वकीलकाकू

गप्प बसणं सुरक्षित वाटतं, आहे असं नाही. स्कॉटिश को-ऑपरेटिव्ह विरुद्ध मेयर, हाउस ऑफ लॉर्ड्स. रेयॉनचं कापड करणारी छोटी कंपनी, पाचपैकी तीन संचालक मोठ्या संस्थेने दिलेले. संस्थेची गरज संपली तसा तिने या कंपनीचा कच्चा माल आटवला. त्या तिघांनी काही वाईट ठराव केला नाही. त्यांनी काहीच केलं नाही. कंपनी वाळत गेली आणि ते मालकाच्या तोंडाकडे बघत बसले. लॉर्ड डेनिंग यांनी त्यालाच दोष दिला. दोन्ही हितं जुळतात तोवर ठीक, पण आपटली की अशा संचालकाची अवस्था अशक्य होते, असंही ते म्हणाले. तिथे नेमणारी भागधारक होती, धनको नव्हे, हा फरक उत्तरात लिही.

म्हणून माझा क्रम असा. न. यांनी आधी बँकेला लेखी कळवावं की अशा सूचनेवर मी मत देऊ शकत नाही. बैठकीत सुरुवातीलाच सांगावं की मी बँकेचा नोकर आहे आणि दोन्ही प्रस्तावांत बँकेचं हित गुंतलंय. दुसऱ्या प्रस्तावावर मत देऊ नये. पहिल्यावर मात्र स्वतःच्या बुद्धीने बोलावं.

सातपूर_सीए

पहिल्यावर बोलायचं तर आकडे लागतात, आणि प्रश्नात व्याजदर दिलेला नाही, ही पेपर काढणाऱ्याची चूक. माझा क्लायंट असता तर मी त्याला एकच विचारलं असतं: या ठरावातून कंपनीच्या हातात काय पडतं? पहिल्यात ५ कोटी रोकड पडते. त्यातून माल येतो, पल्प विकला जातो, कदाचित शेतकऱ्यांचेही काही फिटतं. पण परदेशी ऑर्डर गेलीय हे विसरू नका. गिऱ्हाईकच नसेल तर ५ कोटींचा पल्प त्याच शीतगृहात पडून राहणार, आणि वर नवं व्याज. अशा वेळी न. यांनी प्रामाणिकपणे 'नको' म्हटलं तर ते बरोबरही असू शकतं.

दुसऱ्यात, जसा लिहिलाय तसा, कंपनीच्या हातात एक रुपयाही पडत नाही. पण समजा बँक म्हणाली की तारण द्या, आम्ही हप्ते सहा महिने पुढे ढकलतो आणि वर ३ कोटी नवी मर्यादा देतो. मग तोच प्रस्ताव कंपनीच्या हिताचा होऊ शकतो, आणि नव्या पैशापुरतं कलम ४३ चं भयही कमी होतं. न. बोर्डात बसून सर्वात उपयोगाचं काम करू शकतात ते हेच: बँकेला सांगणं की फुकट मागू नका.

कलम_बहाद्दर

पण गोची बघा. न. यांनी खरंच स्वतःच्या बुद्धीने पहिल्याला 'नको' म्हटलं, आणि आदल्या दिवशीचा ईमेलही तेच सांगत होता. कोण विश्वास ठेवेल?

जुना_बँकवाला

कोणी नाही. म्हणून कारण इतिवृत्तात लिहून घ्यायचं. विरोधी मत नावानिशी नोंदवायचा हक्क कंपनी कायद्याच्या कलम ११८ मध्ये आहे. मसुदा पंधरा दिवसांत येतो, दुरुस्ती सुचवायला सात दिवस. आमच्या वेळी मसुदा यायचा आणि न वाचता सही व्हायची. माझ्या एका सहकाऱ्याने बैठकीत चांगलं तासभर विरोध केला होता, इतिवृत्तात आलं "सविस्तर चर्चेनंतर ठराव एकमताने मंजूर". पुढे चौकशीत तेवढंच वाचलं गेलं.

ऋतू_सिन्नर

आणि रद्द झालेली ऑर्डर? बँकेला सांगायची की नाही?

जुना_बँकवाला

सांगायची. त्यासाठीच तर पाठवलंय. हप्ते थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जात. बँकेला अंधारात ठेवून पगार कसला घ्यायचा?

गोदाकाठ_वकीलकाकू

साहेब, तिथेच आपलं जमायचं नाही. ती बातमी न. ना संचालक म्हणून मिळाली, ती कंपनीची. कर्ज करारात कंपनीने स्वतः बँकेला मोठे बदल कळवायचे असं कलम बहुधा असतं. न. यांनी बोर्डात आग्रह धरावा की कंपनीने बँकेला आज पत्र लिहावं. ते करारानुसार होईल. खिशात घालून नेणं वेगळं.

जुना_बँकवाला

आणि बोर्ड म्हणालं लिहीत नाही, तर? न. यांनी बँकेत जाऊन रोज चहा प्यायचा आणि गप्प राहायचं?

सातपूर_सीए

काही करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं की नॉमिनी बँकेला माहिती देऊ शकतो. तसं असेल आणि कंपनीच्या आर्टिकल्समध्येही घेतलं असेल तर साहेबांची बाजू जड. प्रश्नात त्याबद्दल अक्षर नाही. नसेल तर मी काकूंच्या बाजूने, पण शंभर टक्के नाही. न. यांच्यापुढे राजीनामा हाही रस्ता आहे, मात्र राजीनाम्याने डोक्यातली माहिती पुसली जात नाही.

ऋतू_सिन्नर

मी दोन्ही बाजू लिहून काकूंचं मत आधी मांडेन. सरांना उद्या विचारते की कराराचं कलम गृहीत धरायचं का.

पिंपळगावचा_शेतकरी

मग माझ्या ३ लाख ८० हजारांचं काय करू ते तरी सांगा. मी एकटा त्या दिवाळखोरीत अर्ज करू शकतो का?

सातपूर_सीए

दादा, धनको म्हणून तुम्ही स्वतः अर्ज करायचा तर थकबाकी किमान १ कोटी लागते, २०२० पासून. पण बँकेने किंवा दुसऱ्या कोणी प्रक्रिया सुरू केली की तुमचा दावा कितीही लहान असला तरी भरता येतो. जाहीर नोटीस पेपरात येते, तिच्यावर शेवटची तारीख असते, ती चुकवू नका. आधी एक सांगा, माल बाजार समितीच्या आवारात आडत्यामार्फत गेला होता की थेट फॅक्टरीच्या गेटवर? आणि कॅरेट मोजल्याच्या पावत्या आहेत का?

पिंपळगावचा_शेतकरी

गेटवर. पावत्या आहेत, काही कच्च्या. मॅनेजरच्या सहीच्या अकरा सापडल्या, बाकीच्या घरी शोधतो. फोटो टाकू का इथे?

गोदाकाठ_वकीलकाकू

इथे नका टाकू दादा, त्यावर नावं असतील. मला व्यक्तिगत निरोप करा. आणि झेरॉक्स काढून ठेवा, कच्च्या पावत्यांची शाई उडते.